कद ते कांदा: अनुस्वार आणि मात्रा बदलायच्या कोड्यांत कुठलं टिंब मोजायचं?

प्रश्न: "आमच्या खानापूरकडच्या गावातल्या वाचनालयात पोरांसाठी शब्दकोडं सुरू केलंय, एक अनुस्वार किंवा एक मात्रा बदलून नवा शब्द करायचा. पण दर रविवारी वाद होतोच. गाव-गावं चालतं का, नाव-नांव चालतं का, दिन-दीन हा बदल धरायचा का? आणि एका कोड्याला दोन-दोन उत्तरं आली की काय करायचं तेही कळेना. काहीतरी ठाम नियम सांगा की."

मी चिकोडी तालुक्यात बरीच वर्षं मराठी शिकवलं आणि आता बेळगावात राहून मुलांसाठी अशी कोडी काढते, त्यामुळे हे सगळे वाद माझ्या घरच्या टेबलावर होऊन गेलेत. तुमच्याकडे होतंय ते पोरांच्या हट्टामुळे नाही. टिंब दिसायला एकच आहे पण मराठीत ते निदान तीन वेगळी कामं करतं, आणि कोड्यात आपण कुठलं काम मोजतोय हे आधी सांगितलेलं नसतं, म्हणून प्रत्येकजण आपापल्या जागी बरोबर असतो आणि भांडण मिटत नाही. सगळ्यांना लागू होईल असा एकच नियम नाही, खेळणारी मुलं पाचवीतली आहेत की कॉलेजातली, घरी कुणाकडून कसलं मराठी ऐकून आलीत, यावर थोडं बदलतं. पण मी काय करते आणि का करते ते सांगते, त्यातलं तुम्हाला जमेल ते घ्या.

पहिलं काम म्हणजे खरा नाकातला उच्चार. राग आणि रांग, भाग आणि भांग, साज आणि सांज, ढग आणि ढंग, खत आणि खंत, नदी आणि नंदी, चिता आणि चिंता, भाडे आणि भांडे. इथं टिंबामुळं पुढच्या अक्षराआधी एक अनुनासिक व्यंजन ऐकू येतं, आणि ते कुठलं ते पुढचं अक्षर ठरवतं. रांगमध्ये घशाजवळचं, भांडेमध्ये ण सारखं, चिंतामध्ये न सारखं. मुलांना मी एवढंच सांगते, नाक चिमटीत धरा आणि दोन्ही शब्द मोठ्यानं म्हणा. 'राग' सरळ निघतो, 'रांग' म्हणताना आवाज कोंडतो. ही परीक्षा पाचवीतलं पोर पण करतं आणि वाद जागेवर संपतो. कोड्यातला अनुस्वार म्हणजे हा आणि एवढाच, असं मी धरते.

दुसरं काम म्हणजे तुमचं गाव-गावं. मी हे जे लिहितेय त्यातच बघा, 'केलं', 'सांगितलं', 'एवढंच', सगळीकडे टिंब आहे पण नाकात काही जात नाही, नाक धरून म्हटलं तरी आवाज तसाच येतो. इथं टिंब म्हणजे शेवटचा अ जरा लांबवून म्हणा एवढी खूण आहे, पुस्तकी लेखनात तिथं मात्रा असते, गावे, घरे, केले. आपल्या भागात तर बोलताना 'घरे' कुणी म्हणतच नाही, त्यामुळे पोरगं 'घरं' लिहून आणतं तेव्हा त्याला ते चूक वाटत नाही आणि ते चूक नाहीच. तरी मी ते कोड्यात घेत नाही, कारण घर-घरं, फळ-फळं, झाड-झाडं असं करत गेलं की अशा कितीतरी नपुंसकलिंगी शब्दांना आयता जोडीदार मिळतो आणि शोधायला काही उरत नाही. शिवाय तो नवा शब्दच नाही, त्याच शब्दाचं अनेकवचन आहे. याच कारणासाठी 'घरात' आणि 'घरांत' ही जोडीही मी बाजूला ठेवते. एका घरात आणि अनेक घरांत, फरक पक्का आहे, आणि मुलाचा-मुलांचा यात तर लिहिताना टिंब चुकलं तर माणसांची संख्याच बदलते, पण हा व्याकरणाचा खेळ झाला. तो खेळायचा तर त्याची फेरी वेगळी ठेवा, मोठ्या मुलांना आवडतो.

तिसरं काम सगळ्यात नाजूक, ते नाव-नांव. आपल्या शहराच्या जुन्या पाट्यांवर आणि जुन्या कागदांवर 'बेळगांव' असं गा वर टिंब दिलेलं तुम्ही पाहिलं असेल. पूर्वी नांव, गांव, पांच, कांहीं, नाहीं असंच लिहायचे, शब्द मुळात कुठून आला त्याची आठवण म्हणून ते टिंब असायचं, उच्चारात ते राहिलं नव्हतं. १९६२ साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले आणि त्यात स्पष्ट म्हटलं की उच्चार स्पष्ट ऐकू येतो तिथं आणि अनेकवचनी सामान्यरूपात टिंब द्या, बाकीची व्युत्पत्तीची टिंबं काढून टाका. तेव्हापासून माणसाचं नाव आणि पाण्यातली नाव दोन्ही एकसारखीच. पण त्याआधीच्या लेखनात नाव म्हणजे होडी आणि नांव म्हणजे संबोधायचं नाव, ही चांगली सरळ जोडी होती.

हे मला एका आजोबांनी शिकवलं असं म्हणायला हरकत नाही. मी कोड्यात 'नाव' देऊन एक बदल करून दुसरा शब्द विचारला होता, अपेक्षित उत्तर होतं काना काढून 'नव'. आजोबांनी 'नांव' लिहून पाठवलं. मी चूक दिली. पुढच्या आठवड्यात ते स्वतः जुना कोश पिशवीत घालून घेऊन आले आणि पान उघडून दाखवलं, तिथं नांव टिंबासकट छापलेलं होतं. ते ज्या लेखनात शिकले त्या लेखनात ते शंभर टक्के बरोबर होते आणि मी नियम सांगितलेला नव्हता, चूक माझ्याकडून झाली होती. तेव्हापासून प्रत्येक कोड्याच्या वर एक ओळ छापते, 'लेखन १९६२ नंतरच्या नियमांप्रमाणे'. एका ओळीनं सगळं शांत झालं.

याच्यातच एक सापळा आहे, तो आता जास्त जाणवतो. पोरं मोबाईलवर शब्द शोधतात आणि मोल्सवर्थचा कोश समोर येतो. शब्दांचा अर्थ बघायला तो कोश मी रोज वापरते, पण त्याची दुसरी आवृत्ती १८५७ची आहे, म्हणजे त्यातलं लेखन त्या काळचं. तिथं 'गांव' आहे, 'नांव' आहे. म्हणून 'कोशात आहे' एवढं उत्तर पुरत नाही, कुठल्या काळचा कोश हे विचारावं लागतं. मी अर्थासाठी जुना कोश बघते आणि टिंब-वेलांटीसाठी अरुण फडके यांचा लेखन-कोश बघते.

आता वेलांटी आणि उकार. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. पिक म्हणजे कोकीळ, पीक म्हणजे शेतातलं. सुर म्हणजे देव, सूर म्हणजे गाण्यातला. शिर म्हणजे डोकं आणि शीर म्हणजे रक्तवाहिनी. हे सगळे बदल मी धरते, पण मुलांच्या कोड्यात जपून, कारण यात एक गंमत आहे. मराठीच्या नियमानं शेवट अकारान्त असेल तर त्याआधीची वेलांटी-उकार दीर्घ येतात, फूल, वीट, सूत, पीक. ऱ्हस्व राहतात ते बहुतेक संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द. म्हणजे अशा जोडीतला ऱ्हस्व शब्द जवळजवळ दर वेळी संस्कृत असणार, पिक काय, सुत काय, आणि तोच नेमका पोरानं कधी ऐकलेला नसणार. पीक रोज बघणाऱ्या पोराला पिक माहीत नसतो, म्हणून अशी जोडी द्यायची तर ऱ्हस्व शब्द तुम्ही छापा आणि दीर्घ त्याला शोधू दे, उलटं करू नका.

शब्दाच्या शेवटी मात्र ऱ्हस्व-दीर्घची जोडी ठेवूच नका. पाणि म्हणजे हात आणि पाणी म्हणजे प्यायचं, ही जोडी पुष्कळ जण हौसेनं देतात, पण नव्या नियमानं संस्कृत शब्दसुद्धा सुटा लिहिताना शेवटी दीर्घच करायचा असतो, कवी, गुरू, मती. मग हाताच्या अर्थाचा पाणि सुटा लिहिला की तोही पाणीच होतो, ऱ्हस्व फक्त पाणिग्रहणसारख्या समासात दिसतो. जोडी कागदावर दिसते आणि नियमात नाहीशी होते.

एक पायरी कशाला म्हणायचं हेही आधीच ठरवा. हाताने लिहिताना ो म्हणजे काना आणि मात्रा अशा दोन खुणा, त्यामुळे एखादं पोर म्हणतं की 'माडी'चं 'मोडी' करताना मी फक्त मात्रा वाढवली म्हणून एक, पण 'मडी'चं 'मोडी' झालं तर दोन. मी खुणा मोजत नाही, स्वर मोजते. एका अक्षराचा एक स्वर जाऊन दुसरा आला की एक पायरी, मग अ चा ओ होऊ दे नाहीतर आ चा ओ. टिंब आलं किंवा गेलं की तीही एक पायरी. एकाच वेळी टिंब आणि स्वर दोन्ही नाही. आपल्याकडं कन्नड शाळेतनं येणारी मुलं यात पटकन रुळतात, कारण त्यांच्या लिपीत अनुस्वार अक्षराच्या पुढं ओळीतच गोल लिहितात, त्याला ते सोन्ने म्हणतात, म्हणून ती वेगळी खूण आहे हे त्यांना सांगावं लागत नाही. उलट मराठीत फक्त एकच ए आणि एकच ओ आहे हे मात्र त्यांना सांगावं लागतं, कारण कन्नडमध्ये दोन्हींचे ऱ्हस्व आणि दीर्घ वेगळे असतात.

आता दोन उत्तरांचं, कारण खरं अवघड ते आहे. एक कोडं पूर्ण उलगडून दाखवते. 'कद'पासून 'कांदा'पर्यंत जायचं, मधे आपली बेळगावची मिठाई, कुंदा, आली पाहिजे असं माझ्या मनात होतं. मी आधी सांगाडा मांडते, म्हणजे नुसती व्यंजनं, क आणि द. क ला दहा स्वर लागू शकतात, अ पासून औ पर्यंत, आणि प्रत्येकाबरोबर टिंब असेल किंवा नसेल, म्हणजे वीस. द ला टिंब नको धरलं तर दहा. वीस गुणिले दहा, दोनशे आकार झाले. चौकटीच्या वहीत आडवे-उभे मांडून मी एकेक मोठ्यानं वाचते आणि खरा शब्द असेल तिथं खूण करते. दोनशेमधून हाती जेमतेम मूठभर येतात. त्यातले या वाटेला लागणारे कद, कंद, कुंद, कुंदा, कांदा. वाट अशी झाली: कदला टिंब देऊन कंद, कंदला उकार देऊन कुंद, कुंदला काना देऊन कुंदा, आणि कुंदाचा उकार जाऊन काना आला की कांदा. चार पायऱ्या.

कद आणि कांदा यांत फरक मात्र तीनच आहेत, टिंब, पहिला काना, दुसरा काना. म्हणजे तीन पायऱ्यांत जाता येतं का हे तपासायलाच हवं. तीन बदल सहा क्रमांनी करता येतात. पहिल्या पायरीला कंद, काद, कदा यांतलं एक, दुसऱ्या पायरीला कांद, कंदा, कादा यांतलं एक. काद नाही. कंद आहे पण पुढं कांद नाही आणि सुटा शब्द म्हणून कंदाही नाही. कदा जुन्या कवितेत भेटतो पण तिथनं पुढं कंदा बंद आहे आणि कादा आमच्या पोरांच्या बोलण्यात नाही. तिन्ही वाटा अडल्या, म्हणून चार पायऱ्यांची वाट हीच सगळ्यात लहान, असं समजून मी कोडं दिलं.

आणि एका मुलीनं दुसरी वाट आणली. कद, कंद, कोंद, कोंदा, कांदा. कोंदणे हे क्रियापद आहे, धूर कोंदला म्हणतो तसं, त्याची आज्ञा केली तर तू कोंद, तुम्ही कोंदा. पायऱ्या चारच, प्रत्येक पायरीला एकच बदल. मी चौकटीच्या वहीत कोंदवर खूण केली नव्हती कारण माझ्या डोक्यात नामंच होती. तिला पूर्ण मार्क दिले, द्यायलाच हवे होते. पण तेव्हा कळलं की आज्ञार्थ मोकळा सोडला तर कुठल्याही क्रियापदाचं मूळ हे शब्द होतं आणि एकवचन-अनेकवचन मिळून कान्याची पायरी फुकट मिळते, बस-बसा, लाव-लावा, कर-करा. वाटा मोजताच येत नाहीत.

त्यावर दोन उपाय मी तेव्हापासून करते. पहिला म्हणजे कोशात सुटी नोंद म्हणून येतो तोच शब्द, क्रियापदं कोशात णे लावून येतात म्हणून आज्ञार्थ आपोआप बाहेर राहतो, आणि गावं, घरं, मुलांचा हेही सगळे याच एका अटीनं बाहेर जातात. दुसरा उपाय जास्त कामाचा, प्रत्येक पायरीला अर्थाचा इशारा द्यायचा. कदला 'माणसाची उंची', कंदला 'जमिनीखाली वाढतो', कुंदला 'पांढरं सुवासिक फूल', कुंदाला 'पाहुणे बेळगावातनं जाताना बांधून नेतात'. मग कोंद त्या चौकटीत बसतच नाही. इशारा देताना एक बघा, कुंद म्हणजे ढगाळ हवाही आणि कुंदा नावाचं तणही शेतात असतं, शेतकऱ्याच्या पोराला तेच आधी आठवेल. त्यामुळे अर्थ एका ओळीत नेमका सांगा. शब्द तोच निघणार असेल तर दुसरा अर्थ आठवला तरी बिघडत नाही.

छपाईचं एक राहिलं. एकदा मी कोडी हाताने लिहून झेरॉक्सला दिली, प्रत वीसेक निघाल्यावर टोनर संपत आला असावा, मागच्या प्रतींत बारीक टिंबं उडाली. निम्म्या मुलांना 'सांज' दिसलं, निम्म्यांना 'साज', आणि दोघांनीही आपल्या कागदाप्रमाणे बरोबर उत्तर दिलं. मी बराच वेळ मुलांनाच दोष देत होते, मग दोन कागद शेजारी ठेवले तेव्हा दिसलं. आता मूळ कागदावरची टिंबं मोजून कोपऱ्यात आकडा लिहिते आणि पहिल्या आणि शेवटच्या प्रतीवर मोजून बघते, जुळलं तरच वाटते. कॉम्प्युटरवर करत असाल तर अक्षर सोळाच्या खाली ठेवू नका, आणि चिंता, पिंड अशा शब्दांत टिंब वेलांटीच्या कमानीला चिकटतं, मेंढी, कोंडी यात मात्रेला चिकटतं. लहान मुलांच्या कागदावर टिंब काढायचा-घालायचा शब्द शक्यतो कान्याचा घ्या, भांडे, रांग, सांज, तिथं ते मोकळं उभं राहतं.

पुढच्या रविवारसाठी एक तयार कोडं देते, तपासलेलं आहे. 'मांडा'पासून 'मोडी'पर्यंत तीन पायऱ्या. मांडा म्हणजे आपल्या लग्नाच्या पंगतीतला गोड पदार्थ, मग मांडी, मग माडी, मग मोडी. फरक तीन, क्रम सहा, पण पहिल्या पायरीला मांडी सोडून माडा आणि मोंडा दोन्ही सुटे शब्द म्हणून बसत नाहीत, आणि मांडीवरून मोंडी नाही, म्हणून तीन पायऱ्यांत वाट एकच. मांडीवरून मुंडीकडं वळता येतं, पण मुंडीवरून मोडीला यायचं तर पायऱ्या वाढतात, म्हणून कागदावर 'तीनच पायऱ्या' असं लिहायला विसरू नका. आणि माडीला इशारा 'घराचा वरचा मजला' असाच द्या, कारण कन्नडमध्ये माडी म्हणजे 'करा', आमच्याकडं त्या पायरीवर सगळा वर्ग एकदम हसतो आणि मग एखादं पोर विचारतंच, बाई, कन्नड शब्द चालतो का. मी म्हणते शब्द मराठीतला माडीच आहे, दोन्ही भाषांत असला म्हणून कापायचा नाही.